उद्दिष्टातील क्रियापद आणि संशोधनाची पद्धत

श्रोतेहो, नमस्कार.

पदव्युत्तर प्रबंधाचा किंवा पीएच.डी.चा आराखडा विद्यापीठाच्या समितीपुढे जातो, तेव्हा त्यात 'अभ्यासाची उद्दिष्टे' या मथळ्याखाली चार-पाच वाक्ये असतात. बहुतेक आराखड्यांत ही वाक्ये 'अभ्यास करणे', 'जाणून घेणे', 'आढावा घेणे' किंवा 'प्रकाश टाकणे' अशा शब्दांनी संपतात. मग समितीतील एखादे सदस्य विचारतात, "अभ्यास करणार म्हणजे नेमके काय करणार?" आणि विद्यार्थी आपल्या गाईडकडे पाहू लागतो. प्रश्न खोचक वाटला तरी रास्त असतो, कारण उद्दिष्टातील क्रियापद ठरले की कोणती माहिती गोळा करायची, किती जणांकडून करायची आणि तिचे पुढे काय करायचे, हे बरेचसे ठरून जाते. ते क्रियापद मोघम राहिले, तर या तिन्ही गोष्टी अंदाजावर सोडल्या जातात.

आज आपण एकच आराखडा घेऊन तो दुरुस्त करून पाहू. समजा, आरोग्यशास्त्र किंवा गृहविज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'माध्यमिक शाळांतील मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास' हा विषय निवडला आहे. तिने एक तालुका आणि आठवी ते दहावीचे वर्ग ठरवले असून चार उद्दिष्टे लिहिली आहेत. पहिले, मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास करणे. दुसरे, लोहाच्या गोळ्यांविषयी जाणून घेणे. तिसरे, गोळ्यांचा परिणाम पाहणे. आणि चौथे, उपाय सुचवणे.

पहिल्या उद्दिष्टापासून सुरुवात करू. काम संपल्यावर हातात काय येणार आहे, आणि ते आले की नाही हे एखाद्या तिऱ्हाईताला तपासता येईल का, एवढेच येथे विचारावे. 'अभ्यास करणे' याचे उत्तर देत नाही. त्याऐवजी तिने लिहावे, 'अमुक तालुक्यातील माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण काढणे'. आता 'प्रमाण काढणे' या क्रियापदातून प्रश्न आपोआप निघतो: या मुलींपैकी किती टक्के मुलींचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी आहे? बारा वर्षे पूर्ण झालेल्या आणि गरोदर नसलेल्या मुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तीच आहे. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र, अशी वर्गवारीही तयार आहे. म्हणजे उत्तराचा तक्ता रक्ताचा एक थेंबही न घेता आजच आखता येतो. फक्त त्यातील रकाने रिकामे असतील.

आता पद्धत. प्रमाण काढायचे म्हणजे एकाच टप्प्यावर, निवडलेल्या नमुन्यात मोजणी करायची. नमुना किती मोठा असावा, यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले जाणारे साधे सूत्र आहे. अपेक्षित टक्केवारीला शंभरातून उरलेल्या टक्केवारीने गुणायचे, त्याला चाराने गुणायचे आणि चालू शकणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागायचे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणून अपेक्षित टक्केवारी ६० धरू. साठ गुणिले चाळीस म्हणजे २४००, त्याची चौपट ९६००. उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर पाचाचा वर्ग २५, आणि ९६०० भागिले २५ म्हणजे ३८४ मुली. दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर ९६ मुली पुरतात. शाळाच्या शाळा गट म्हणून निवडल्या, तर एका शाळेतील मुलींचे राहणीमान सारखे असल्यामुळे ही संख्या दीडपट ते दुप्पट करावी लागते. 'अभ्यास करणे' एवढेच लिहिले असते, तर हा हिशेब कशासाठी करायचा, हाच प्रश्न पडला असता.

मोजण्याचे साधनही उद्दिष्टाशी जुळलेले हवे. शाळेत बोटाला टोचून छोट्या डिजिटल यंत्रावर हिमोग्लोबिन पाहता येते. परंतु थेंब येईना म्हणून बोट पिळले की रक्तात ऊतींमधील द्रव मिसळतो आणि आकडा खाली येऊ शकतो. म्हणून बोट न पिळता पहिला थेंब पुसून टाकायचा, ही सूचना पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेली असावी. नाहीतर काढलेले प्रमाण मुलींचे आहे की टोचणाऱ्याच्या हाताचे, हे सांगता येणार नाही.

दुसरे उद्दिष्ट गोळ्यांविषयी 'जाणून घेणे' असे आहे. शासनाच्या कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली निळी गोळी दिली जाते. यात जाणून काय घ्यायचे? गोळी माहीत आहे का, मिळते का, की गिळली जाते? हे तीन वेगळे प्रश्न असून प्रत्येकाची माहिती वेगळ्या ठिकाणी सापडते. शाळेच्या नोंदवहीत गोळी वाटल्याची नोंद असते. पण ती खरोखर गिळली गेली का, याची खात्री त्या नोंदीवरून होत नाही. मुलीने ती दप्तरात टाकली की खिडकीबाहेर, हे वहीला ठाऊक नसते. म्हणून उद्दिष्ट असे लिहावे: 'मागील चार आठवड्यांत किमान तीन गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण काढणे'. यातील 'सांगणाऱ्या' हा शब्द प्रामाणिक आहे, कारण प्रश्नावलीतून आपल्याला सांगणे तेवढे मिळते. चारच आठवडे का, तर त्यापलीकडचे नीट आठवत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा तिसऱ्या उद्दिष्टात आहे. 'परिणाम पाहणे' हे शब्द लिहायला सोपे आहेत, पण त्यांची मागणी मोठी आहे. परिणाम म्हणायचा तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे हिमोग्लोबिन लागते आणि शक्यतो गोळ्या न मिळालेला, बाकी सर्व बाबतींत सारखा असा एक गटही लागतो. शासकीय कार्यक्रमातील गोळी केवळ प्रबंधासाठी काही मुलींना नाकारणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, आणि कोणतीही नैतिक समिती त्याला मान्यता देणार नाही. आपली विद्यार्थिनी तर प्रत्येक मुलीला एकदाच भेटणार आहे. त्या एका भेटीत नियमित गोळ्या घेणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन जास्त आढळले, तरी त्या मुली घरीही अधिक चांगले जेवत असतील, हे शक्य आहे. याच्या उलटही घडू शकते: ज्या मुलीचा अशक्तपणा शिक्षकांच्या लक्षात आला, तिलाच ते आग्रहाने गोळी देत असतील, मग गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्येच रक्तक्षय जास्त दिसेल आणि निष्कर्ष उफराटा निघेल.

अशा वेळी दोनच मार्ग उरतात. पद्धत बदलायची, किंवा क्रियापद बदलायचे. वर्षभराच्या प्रबंधात पद्धत बदलणे सहसा झेपत नाही, म्हणून क्रियापद उतरवावे: 'गोळ्या नियमित घेणे आणि रक्तक्षय असणे यांतील संबंध तपासणे'. प्रश्न असा होईल: नियमित घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षयाच्या प्रमाणात फरक आहे का? त्याचा तक्ता दोन ओळी आणि दोन रकान्यांचा असेल आणि दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणारी काय-वर्ग चाचणी त्यावर लावता येईल. निष्कर्षाच्या प्रकरणातही मग 'गोळ्यांमुळे' हा शब्द येणार नाही, 'गोळ्या घेणाऱ्यांमध्ये' असा येईल. पुष्कळ प्रबंधांत उद्दिष्ट संबंधाचे असते आणि निष्कर्ष परिणामाचा काढलेला असतो. परीक्षक शोधायला बसले की पहिल्यांदा तेच सापडते.

चौथे उद्दिष्ट, उपाय सुचवणे, काढून टाकावे. सूचना निष्कर्षांतून निघतात आणि शेवटच्या प्रकरणात त्यांना जागा असते. 'उपाय सुचवणे' या उद्दिष्टासाठी माहिती गोळा करण्याची कोणतीही पद्धत लिहिता येत नाही. मात्र त्या जागी एक खरा प्रश्न शिल्लक राहतो: मुली गोळ्या का घेत नाहीत? येथे 'मुलींना समजून घेणे' असे लिहिण्याचा मोह होतो. मोजता येणारे क्रियापद म्हणजे आकडाच हवा, असा गैरसमज त्यामागे असतो आणि तो दूर केला पाहिजे. 'गोळ्या न घेण्याची कारणे मुलींच्या शब्दांत नोंदवून त्यांचे वर्गीकरण करणे' हे उद्दिष्ट पुरेसे काटेकोर आहे, कारण शेवटी वर्गवारीची यादी हाती येते आणि दुसरा अभ्यासक मूळ नोंदींवरून ती पडताळू शकतो. याची पद्धत म्हणजे सहा ते दहा मुलींच्या गटचर्चा. त्यांत मळमळ, पोटदुखी, काळी शौच, उपाशीपोटी गोळी घेतल्याने होणारा त्रास, कुणाकडून तरी ऐकलेली अफवा, अशी कारणे येतील. नवे कारण निघेनासे झाले की चर्चा थांबवता येतात. पण या पद्धतीची मर्यादा पाळली पाहिजे. पाच गटचर्चा घेऊन 'सत्तर टक्के मुलींना मळमळीची तक्रार आहे' असे लिहिता येत नाही, कारण गटात एकीने बोलले की बाकीच्या माना डोलावतात. कोणते कारण किती मुलींना लागू आहे, हे हवे असेल तर ते वेगळे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी पुन्हा प्रश्नावलीकडे जावे लागते.

बी.एड. झालेल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणावरून तयार झालेल्या क्रियापदांच्या याद्या आपल्याकडे पाठ टाचणासाठी वापरल्या जातात, आणि त्याच याद्या संशोधनाच्या आराखड्यात जशाच्या तशा उतरवलेल्या दिसतात. पाठाच्या उद्दिष्टात कर्ता विद्यार्थी असतो. तो सांगतो, ओळखतो, स्पष्ट करतो. संशोधनात कर्ता संशोधक असतो, म्हणून मोजणे, तुलना करणे, संबंध तपासणे, वर्णन करणे, वर्गीकरण करणे ही क्रियापदे येथे उपयोगी पडतात. 'मुलींमध्ये जागरूकता निर्माण करणे' हे तर यांपैकी काहीच नाही; तो उपक्रम आहे.

उद्दिष्टे अशी पक्की झाली की प्रश्नावली हाती घ्यावी आणि तिच्या समासात प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, त्याचा क्रमांक लिहावा. वडिलांचा व्यवसाय, घरात दूरचित्रवाणी आहे का, भावंडे किती, असे प्रश्न जुन्या प्रश्नावल्यांतून सवयीने येतात आणि त्यांतील बऱ्याच प्रश्नांपुढे क्रमांक पडत नाही. ज्याला क्रमांक नाही, तो प्रश्न छपाईला जाण्यापूर्वीच खोडावा. आणि एखाद्या उद्दिष्टाचा क्रमांक समासात कोठेच आला नाही, तर शाळेत जाण्याची तारीख पुढे ढकलून आधी त्या उद्दिष्टाचा प्रश्न लिहावा.

नमस्कार.