सूचनेचा उलटा अनुवाद

श्रोतेहो, नमस्कार. अनेक भाषांची माणसं एकत्र काम करतात तिथे भाषेचे नियम काय असावेत, याबद्दल आज बोलायचं आहे. सुरुवात भिंतीवरच्या एका कागदापासून करतो.

समजा, यंत्राचा फिल्टर साफ करण्याची सूचना इंग्रजीत निघाली. त्यात शब्द आहे ‘बायवीकली’. मराठीत उतरवणाऱ्यानं लिहिलं, ‘आठवड्यातून दोनदा’. कन्नडमध्ये उतरवणारीनं लिहिलं, ‘दोन आठवड्यांतून एकदा’. दोघांचंही बरोबर, कारण इंग्रजीत त्या शब्दाचे हे दोन्ही अर्थ चालतात. चार आठवड्यांत एका पाळीनं फिल्टर आठ वेळा धुतला, दुसरीनं दोनदा. आणि दुसऱ्या पाळीला ऐकून घ्यावं लागलं, की तुम्हाला साधी सूचना वाचता येत नाही!

हे टाळता येतं. कागद लावण्याआधी, मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाला प्रत्येक अनुवाद पुन्हा मूळ भाषेत आणायला सांगायचं आणि सगळे मजकूर शेजारी ठेवायचे. फरक लगेच डोळ्यांत भरतो. मग अनुवादात डागडुजी न करता मूळ वाक्यच बदलायचं: ‘दर सोमवारी आणि गुरुवारी फिल्टर साफ करा.’

या तपासणीतून एक गोष्ट मात्र निसटते, ती म्हणजे सूर. इंग्रजीतल्या ‘यू’चं मराठीत ‘तू’ही होतं आणि ‘तुम्ही’ही, उलट नेताना दोन्हींचं पुन्हा ‘यू’च होतं. ‘हात धू’ असं लिहिलेला कागद या तपासणीत पास होतो, पण वाचणाऱ्या वयस्क माणसाला तो लागतो. म्हणून ती भाषा घरी बोलणाऱ्या एकाला तरी तो मोठ्यानं वाचायला द्यावा.

अनेक सूचनांखाली एक ओळ असते: ‘फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य.’ तंटा सोडवायला ती सोयीची असेल. पण ज्याला इंग्रजी येत नाही, त्यानं तुम्हीच दिलेला अनुवाद पाळला, तर त्याला दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. धोरणात तसं स्पष्ट लिहायला हवं.

मीटिंगचं थोडक्यात सांगतो. दोघं मध्येच आपल्या भाषेत बोलू लागले, तर अडवू नका. कधीकधी अवघड गोष्ट तिथेच सुटते. फक्त निर्णय नोंदण्याआधी तो सगळ्यांच्या भाषेत सांगितला जावा. आणि ‘समजलं ना?’ असं विचारू नका. त्यावर सगळेच मान हलवतात. ‘उद्या आल्यावर तुम्ही आधी काय कराल?’ असं विचारा, म्हणजे कुठे अडलंय ते कळतं.

राहता राहिला अनुवाद करणारा सहकारी. दोन भाषा येतात म्हणून दर वेळी त्यालाच हाक मारली जाते, आणि त्याचं स्वतःचं काम मागे पडतं. त्याचे ते तास कामाच्या वेळेत धरा, आणि सूचनेचा कागद त्याच्या हाती आदल्या दिवशी द्या.