नोटीस सगळ्यांना मिळाली, कळली फक्त शेवटची ओळ

(वडोदऱ्यात मराठी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा लिहून काढलेला भाग)

सोसायटीच्या सभेची नोटीस कळेल अशी कशी लिहायची हे सांगायला आयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीयत, म्हणजे पंधरा धरा, कारण पहिली पाच माझ्या सोसायटीची गोष्ट खाणार. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन या.

आपण सहकाराच्या गावात बसलोय बरं का. 1904 चा सहकाराचा कायदा यायच्या आधी, 1889 मध्येच आपल्या भाऊसाहेब कवठेकरांनी इथे अन्योन्य सहकारी मंडळी काढली. आणि त्याच गावात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभेची नोटीस अशी सुरू व्हायची, "आथी सर्वे सभासदोने जणाववानुं के", आणि तिथून एकच वाक्य निघायचं ते जिना उतरून पार्किंगपर्यंत जायचं. मी सेक्रेटरी होतो, म्हणजे ते पाप माझंच, आधीच्या वर्षीचा कागद काढायचा, तारीख खोडायची, झेरॉक्स. एक ओळ मात्र सगळ्यांना पाठ, "सभा पछी अल्पाहारनी व्यवस्था छे". सेव उसळ असायची. सव्वाअकराला माणसं बरोब्बर यायची, सभा दहाची!

तर ते लिफ्टचं प्रकरण. सभासद 84. आमच्या पेटानियमात (मराठीत उपविधी म्हणा, पण इथे उपविधी म्हटलं की लोक मुंजीचं विचारतात) कोरम एक पंचमांश किंवा 25, यातलं जे कमी ते. 84 चा पाचवा भाग 16.8, माणूस काही पॉइंट आठ येत नाही, म्हणून 17. दहा वाजता आम्ही नऊ. नोटिशीत छापलेलं, कोरम नसेल तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरेल, तिला कोरम लागणार नाही. ठीक. साडेदहाला त्याच नऊ जणांची सभा सुरू झाली, हिशेब मंजूर झाले, ऑडिटर नेमला, आणि मग तो शेवटचा विषय, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". यात एकांनी लिफ्ट काढली. प्रत्येक फ्लॅटला 6,000, एकूण पाच लाख चार हजार. सात हात वर, ठराव पास!

महिन्याने वसुलीला गेलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दारातच नोटीस पुढे केली. "भाऊ, यात लिफ्ट कुठेय ते दाखवा, लगेच चेक देते." नव्हतीच. माझ्या हातात पावतीबुक, त्यांच्या हातात माझीच सही असलेला कागद. अर्ध्या तासाने भरणाऱ्या सभेला कोरमची सूट मिळते ती मूळ नोटिशीतल्या विषयांपुरती, हे मला तिथे उंबऱ्यावर कळलं. ज्यांनी भरले होते त्यांचे परत केले आणि लिफ्ट आणखी एक वर्ष चौथ्या मजल्यावर अडकत राहिली. माझी बायको अजून मला 'ऐनवेळी' म्हणते.

अरे, चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, ज्यासाठी बोलावलंत ते आता पटापट.

विषय लिहिताना 'लिफ्टबाबत विचारविनिमय' असं लिहू नका. लिहा, "लिफ्टच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटकडून 6,000 रुपये घ्यायचे की नाही हे ठरवणे, कोटेशन ऑफिसात बघायला ठेवलं आहे." वाचणाऱ्याला खिशातून किती जाणार ते दिसलं की तो दहाला येतो, उसळीची वाट बघत नाही. 'ऐनवेळचे विषय' ठेवायचेच असतील तर पुढे लिहा, फक्त चर्चा, खर्चाचा निर्णय होणार नाही.

कोरम आकड्यात लिहा. "एकूण सभासद 84, कोरम 17. दहा वाजता 17 नसतील तर 10.30 ला याच हॉलमध्ये सभा होईल, तेव्हा कितीही असले तरी चालेल, पण विषय वर छापलेलेच." तुमचा आकडा तुमच्या पेटानियमातून काढा, माझा उतरवून घेऊ नका, तिथे मागे कोणीतरी लिहून घेतंय.

मताचं. एका सभासदाला एक मत, दोन फ्लॅट असले तरी एकच, शेअर कितीही असोत. शेअर दोघांच्या नावावर असेल तर सर्टिफिकेटवर पहिलं नाव ज्याचं त्याचं मत, तो आला नाही तर दुसऱ्याचं. "आईने पाठवलंय" म्हणून मुलगा आला तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या, हात मोजू नका, दुसऱ्याच्या वतीने मत चालत नाही. नाममात्र सभासदाला मत नाही. समसमान झाली तर अध्यक्षांचं जादा मत, हेही छापा, नाहीतर तेवढ्यावरून खुर्च्या उचलतात.

हो हो, थांबतो. दिवस मोजायचं राहिलंच, आमच्याकडे चौदा पूर्ण दिवस आधी नोटीस लागते, म्हणजे वाटल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. एक तारखेला वाटली तर सभा लवकरात लवकर सोळाला. आणि बोर्डावर चिकटवून भागवू नका, घरोघर देऊन सही घ्या, आमच्या काकूंनी त्या वेळी मला पुढे तेही विचारलं होतं, बाकीच्यांच्या सह्या दाखवा.