पूर ओसरल्यावरची उपासना

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पूर ओसरल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीने चर्चमधला गाळ काढला, आजूबाजूच्या सर्वांना प्रार्थनेला बोलावले, आणि उपासनेचा क्रम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

गीतपुस्तके भिजून फुगली होती आणि शेजारपाजारच्या कित्येकांना आमची उपासना ठाऊक नव्हती, म्हणून मंडळीचे उत्तर कागदाशिवाय, नुसते ऐकून म्हणता यायला हवे होते. बायबलच्या १३६व्या स्तोत्रात सव्वीसही वचनांना एकच पालुपद आहे. तीच रीत मी धरली. पुढाऱ्याची प्रत्येक ओळ ठरावीक शब्दांनी संपली, की लोकांना आपली पाळी आपोआप कळते.

माझे पहिले उत्तर मात्र फसले. ‘प्रभो, मी थकलो आहे, मला उचल’ असे मी लिहिले होते. तालमीत पुरुष ‘थकलो’ म्हणाले, स्त्रिया ‘थकले’ म्हणाल्या, आणि एकत्र निघालेला आवाज ऐन मध्यावर फाटला. ‘आम्ही’ घेतल्यावर ही अडचण राहत नाही. ‘आपण’ मात्र चालत नाही, कारण ज्याच्याशी बोलायचे तो देवही त्यात धरला जातो आणि बुडालेल्यांत त्याचीही गणना होते! अखेर ठरले ते असे:

पुढारी: ज्यांच्या भिंती खचल्या, त्यांच्यासाठी आम्ही तुला हाक मारतो.
सर्व: हे देवा, आमचे ऐक.
पुढारी: ज्यांची जनावरे दावणीलाच बुडाली, त्यांच्यासाठी आम्ही तुला हाक मारतो.
सर्व: हे देवा, आमचे ऐक.
पुढारी: ज्यांचे माणूस परत आले नाही, त्यांच्यासाठी आम्ही तुला हाक मारतो.
सर्व: हे देवा, आमचे ऐक.

‘तू आम्हाला राखलेस’ ही आभाराची ओळ आरंभी होती, ती मी काढली. ज्या घरचे कोणी दगावले आहे त्याच्या तोंडी ती सक्तीने घालता येत नाही. ज्याला आभार मानायचे असतील त्याने ते स्तब्धतेत मानावेत. पूर हा पापाचा दंड आहे, असे सुचवणारा शब्दही मी ठेवला नाही. त्याऐवजी ६९वे स्तोत्र वाचायला घेतले, कारण त्याच्या आरंभीच पाणी गळ्याशी आल्याचा आणि पाय खोल चिखलात रुतल्याचा आक्रोश आहे.

तिसऱ्या उत्तरानंतर एक मिनिट स्तब्धता ठेवली होती. ती कोण संपवणार हे आधी सांगावे लागते, नाहीतर कोणीतरी खाकरते आणि लोक चुळबुळ करू लागतात. म्हणून ‘मी पुन्हा हाक मारीन, तेव्हा उत्तर द्या’ एवढेच पुढाऱ्याने सांगायचे ठरले. मिनिट सरल्यावर त्याने कोणाचेही नाव न घेता म्हटले, ‘आम्ही तुला हाक मारतो’, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्यांकडूनही उत्तर आले.