भिंतीतले 230 व्होल्ट आणि तात्यांचा इन्व्हर्टर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंदूरच्या ऐन दुपारी, म्हणजे रामबागेतला कुत्रासुद्धा सावली सोडून हलत नाही अशा वेळी, आमचे शेजारी तात्या एका हातात मल्टिमीटर आणि दुसऱ्या हातात इन्व्हर्टरची पावती घेऊन दारात उभे. घाम पुसायच्या आधीच म्हणाले, "बघा, 230 व्होल्ट द्यायला हवेत, हा 180च देतोय. सरळ सरळ फसवलं मला!"

मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकमध्ये विजेचा विषय शिकवला, त्यामुळे गल्लीतले असे खटले माझ्याकडेच येतात. तात्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दिवा लागतो का त्याच्यावर?" म्हणाले, "लागतो की! पण मीटर 180 दाखवतोय ना." या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे. दिवा एक सांगतोय आणि मीटर दुसरंच. खरं कोणाचं मानायचं?

त्यासाठी आधी भिंतीतल्या सॉकेटपाशी जाऊ. तिथे 230 व्होल्ट आहेत असं आपण म्हणतो. पण तिथलं व्होल्टेज एका जागी कधी स्थिरच नसतं. ते शून्यापासून चढत 325 व्होल्टपर्यंत जातं, उतरून पुन्हा शून्यावर येतं, मग उलट्या दिशेनं 325 पर्यंत जातं आणि परत येतं. असा पूर्ण फेरा सेकंदाला 50 वेळा होतो. हो, 325च. मग हे 230 आले कुठून? सर्वांत मोठा आकडा ते नाहीत. सरासरी म्हणाल, तर सुलट भाग आणि उलट भाग तंतोतंत सारखे, म्हणून साधी सरासरी शून्य येते. शून्य व्होल्टवर पाणी तापत नाही, हे तर कोणीही सांगेल.

इथे विद्यार्थी लगेच म्हणायचे, "सर, उणे चिन्ह सोडून द्या आणि मग सरासरी काढा." विचार चांगला आहे. तशी सरासरी काढली तर येतात सुमारे 207 व्होल्ट. म्हणजे तेही 230 नव्हेत. आणि 207 धरून हिशेब केलात तर तो चुकतो. हिवाळ्यात बादलीत टाकायचा हजार वॉटचा रॉड घ्या. बॅटरीसारखे एकसारखे 207 व्होल्ट त्याला दिले तर तो फक्त 810 वॉटनं तापेल. भिंतीतल्या विजेवर मात्र तो पुरे हजार वॉट देतो. जवळजवळ पाचवा हिस्सा उष्णता हिशेबातून गळाली.

ती गळाली कारण उष्णता व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. रॉडच्या तारेला दुप्पट व्होल्टेज दिलं की तिच्यातून करंटही दुप्पट वाहतो. ढकलणारा जोर दुप्पट, वाहणारा प्रवाहही दुप्पट, म्हणून उष्णता चौपट. तिप्पट व्होल्टेजला नऊपट. शिखराजवळचे ते थोडे क्षण आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त तापवतात, आणि साध्या सरासरीत त्यांचं हे वजन दिसतच नाही.

एक सोपा हिशेब मनातल्या मनात करा. समजा एका शेगडीला अर्धा वेळ 100 व्होल्ट मिळाले आणि अर्धा वेळ 300. सरासरी 200. पण उष्णता? 100चा वर्ग दहा हजार, 300चा वर्ग नव्वद हजार. दोन्हींची सरासरी पन्नास हजार. आता आपल्याला व्होल्टमध्ये परत यायचंय, म्हणून वर्गमूळ घ्या, साधारण 224. म्हणजे ही शेगडी एकसारख्या 224 व्होल्टवर चालल्यासारखी तापेल. वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या. झाला आपला आरएमएस. मराठी पुस्तकांत याला वर्ग-माध्य-मूळ म्हणतात. नाव जड आहे खरं, पण क्रिया ज्या क्रमानं करायची तोच क्रम त्यात सरळ लिहिलेला आहे, मूळ शेवटी. वर्ग केल्यामुळे उणे चिन्हाचा प्रश्नही आपोआप मिटतो. उलट दिशेचा प्रवाह तारेला सुलट प्रवाहाइतकाच तापवतो, तेव्हा हे रास्तही आहे.

आता भिंतीतल्या विजेचा वर्ग करू. अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, सहा सारख्या तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला व्होल्टेज मोजा. त्याचा वर्ग शिखराच्या वर्गाच्या तुलनेत किती, तो लिहा. येतात: शून्य, पाव, पाऊण, एक, पाऊण, पाव. ऐकायला अगदी आमच्या सराफ्यातल्या मोजमापासारखं. बेरीज करा. पाव आणि पाऊण एक, पुन्हा पाव आणि पाऊण एक, आणि मधला एक. झाले तीन. सहा मोजण्यांत तीन, म्हणजे सरासरी बरोबर अर्धा. सहाऐवजी साठ तुकडे केलेत तरी अर्धाच येईल. वर्गांची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी, म्हणून मूळ घेतल्यावर शिखराला दोनाच्या वर्गमुळानं, 1.414नं, भागायचं. 325 भागिले 1.414, उत्तर 230.

म्हणून भिंतीतल्या 230चा अर्थ इतकाच की एकसारखे 230 व्होल्ट देणारी बॅटरी मिळाली असती तर तिनं तुमचा रॉड, तुमची इस्त्री, जुना पिवळा बल्ब अगदी याच विजेइतका तापवला असता. याला परिणामी मूल्य असंही म्हणतात. दिवा बॅटरीवर लावा नाहीतर भिंतीतल्या विजेवर, व्होल्ट सारखे लिहिले असतील तर उजेड सारखाच पडायला हवा. आरएमएस आकड्यानं ही सोय होते.

जुन्या स्टॅबिलायझरवरचा काटेवाला मीटर आठवतो का? त्यावर डावीकडे आकडे दाटीवाटीनं असत आणि पुढे सुटे सुटे होत जात. त्याच्या आत एका वेटोळ्यात लोखंडाचे दोन तुकडे असतात. करंट वाहिला की दोघांनाही चुंबकत्व येतं आणि ते एकमेकांना ढकलतात. दोघांचंही चुंबकत्व करंटबरोबर वाढतं, म्हणून ढकलण्याचा जोर करंटच्या वर्गानुसार वाढतो. तो मीटर स्वतःच वर्ग करत होता, म्हणून सुरुवातीचे आकडे चेंगरलेले. मला ते मीटर फार आवडत.

तात्यांच्या हातातला मल्टिमीटर त्या जातीचा नव्हता. स्वस्त मल्टिमीटर वर्ग वगैरे करत नाही. तो उणे भाग सुलट करतो, साधी सरासरी काढतो, आणि मग गुपचूप तिला 1.11नं गुणतो. 207 गुणिले 1.11, म्हणजे 230. भिंतीतल्या लाटेवर उत्तर अचूक, कारण त्या गुळगुळीत लाटेसाठी हाच गुणक बरोबर आहे. फक्त तिच्यासाठीच. लाटेचा आकार बदलला की हा गुणक खोटा पडतो, आणि मीटरला ते कळायला मार्ग नसतो.

तात्यांचा स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत लाट देत नाही, पायऱ्या देतो. ढोबळमानानं असं समजा, एकूण वेळेच्या अर्ध्या भागात 325 व्होल्ट, कधी सुलट कधी उलट, आणि उरलेल्या अर्ध्यात शून्य. त्याचा हिशेब करा. अर्धा वेळ 325चा वर्ग, अर्धा वेळ शून्य, म्हणजे वर्गांची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी. मूळ घेतलं की पुन्हा 230. इन्व्हर्टर बनवणाऱ्यानं हीच जुळणी साधलेली असते. पण तात्यांचा मीटर काय करतो? 325ची अर्धी, 162. त्याला 1.11नं गुणलं की 180. तात्या वाचत होते तोच आकडा!

मी म्हटलं, तात्या, बल्बलाच विचारू. घरात एक 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब होता. तो भिंतीतल्या विजेवर लावला, मग इन्व्हर्टरवर. उजेडात डोळ्याला फरक दिसेना. खरोखर 180 व्होल्ट असते तर बल्ब उघड मंद आणि लालसर झाला असता. त्यासाठी एलईडी बल्ब चालत नाही बरं का. त्यात व्होल्टेज कमीजास्त झालं तरी उजेड तोच ठेवणारं सर्किट बऱ्याचदा असतं, म्हणून तो साक्षीदार म्हणून निरुपयोगी. नंतर मी माझा मीटर आणला, ज्याच्यावर ट्रू आरएमएस असं लिहिलेलं असतं. तो वर्गाचा हिशेब खराखुरा करतो. त्यावर 228 आले. ज्यांच्या इन्व्हर्टरची लाट मधल्या शून्याशिवाय सरळ चौकोनी असते, त्यांना उलटा अनुभव येतो. खरे 230 असताना स्वस्त मीटर 255 दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो.

पण आरएमएसवर मी तात्यांइतकाच आंधळा विश्वास ठेवा म्हणणार नाही. तो फक्त तापण्याबद्दल बोलतो. तात्यांचा पंखा इन्व्हर्टरवर घरघरतो, कारण पायऱ्यांच्या कोपऱ्यांत दडलेल्या वेगवान लहरी मोटरला झेपत नाहीत. आरएमएस आकडा तोच असून त्याचा काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट माझ्याच अंगावर आलेली. तरुणपणी एक सर्किट जुळवताना मी विचार केला, वीज 230ची आहे, मग 250 व्होल्टचा कपॅसिटर पुष्कळ झाला. डायोडच्या पुढचा कपॅसिटर शिखरापर्यंत, म्हणजे 325पर्यंत चार्ज होतो, हे माहीत असूनही विसरलो. थोड्या वेळानं ठो असा आवाज, खोलीभर वास, आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. एलईडी बल्बच्या आतल्या छोट्या कपॅसिटरवर 400 व्होल्ट का छापलेले असतात, ते तेव्हापासून मी कोणाला समजावताना अडखळत नाही.

तात्या पावती परत खिशात घालून गेले. दोन दिवसांनी त्यांच्याकडे चहाला गेलो तर मीटरच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, "फक्त भिंतीसाठी. इन्व्हर्टरला विचारू नये."

नमस्कार.