तीन पत्ते, सत्तावीस वाटा

१९९९ साल. इंटरनेटवर पैसे लावून पोकर खेळणं तेव्हा नवीन होतं, आणि समोर डीलर दिसत नाही म्हटल्यावर लोकांना साहजिकच शंका यायची की पत्ते नीट पिसले जातायत ना. ती शंका दूर करायला एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने पत्ते पिसायचा कोडच जाहीर करून टाकला, घ्या, बघा. आणि रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजमधल्या काही जणांनी तो खरंच वाचला.

त्या कोडचा गाभा साधारण असा, आपल्या सोयीसाठी पायथनमध्ये:

```
for i in range(n):
    j = random.randrange(n)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

म्हणजे पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत जायचं आणि प्रत्येक जागेवरचा पत्ता कुठल्याही एका रँडम जागेवरच्या पत्त्याशी अदलाबदल करायचा. वाचताना यात काहीच खटकत नाही, उलट सगळ्यांना समान संधी दिल्यासारखं वाटतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा शफल लिहिला तो असाच लिहिलाय.

आता बावन्न पत्ते बाजूला ठेवू, टेबलावर फक्त तीन घेऊ. एक्का, दुर्री, तिर्री. लूप तीनदा फिरणार, दर वेळी तीन पर्याय, म्हणजे ३ × ३ × ३, एकूण २७ वाटा, आणि प्रत्येक वाट तितकीच शक्य. पण तीन पत्त्यांचे क्रम किती होतात? सहाच. सत्तावीस वाटा सहा क्रमांत सारख्या वाटून दाखवा... नाही वाटता येत. कुणाच्या तरी वाट्याला जास्त येणारच, रँडम नंबर कितीही चांगला असला तरी.

कागदावर सगळ्या २७ वाटा काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. १३२, २१३ आणि २३१ हे क्रम प्रत्येकी ५ वाटांनी येतात, १२३, ३१२ आणि ३२१ प्रत्येकी ४ वाटांनी. म्हणजे २७,००० वेळा पिसलं तर प्रत्येक क्रम ४,५०० च्या आसपास यायला हवा, पण इथे तिघं ५,००० च्या जवळ आणि तिघं ४,००० च्या जवळ दिसतील.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. तुम्ही टेस्ट करताना फक्त एक्का कुठे पडतो एवढंच मोजलंत तर सगळं ओके दिसेल, कारण एक्का तिन्ही जागांवर बरोब्बर ९-९ वाटांनी येतो. पहिल्याच फेरीत तो रँडम जागी जातो आणि नंतरच्या अदलाबदलीने ती समानता मोडत नाही. पण पहिल्या जागेवर कोण येतं ते मोजा, एक्का ९, दुर्री १०, तिर्री ८. म्हणून एक पत्ता तपासून भागत नाही, पूर्ण क्रम मोजावे लागतात.

बरं, पत्ते वाढवले तर हे आपोआप मिटेल का? नाही. n पत्त्यांना वाटा n चा n वा घात आणि क्रम n!. त्या n! मध्ये n−१ हा गुणक असतो, पण n आणि n−१ यांच्यात १ सोडून सामाईक काही नसतं, त्यामुळे दोनपेक्षा जास्त कितीही पत्ते घ्या, भागाकार कधीच पूर्ण जात नाही.

दुरुस्ती मात्र छोटी आहे.

```
for i in range(n-1, 0, -1):
    j = random.randrange(i+1)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

शेवटून सुरू करायचं, उरलेल्यांतून एक उचलायचा, मागे ठेवायचा, आणि ठेवलेल्याला परत हात लावायचा नाही. पर्याय आधी तीन, मग दोन, म्हणजे सहा वाटा आणि सहा क्रम, प्रत्येकाला एकच. हीच फिशर-येट्स पद्धत, १९३८ ची, तेव्हा कागद-पेन्सिलीने करायची, आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने ती कॉम्प्युटरसाठी अशी मांडली. ते `i+1` मात्र जपा, तिथे नुसतं `i` लिहिलंत तर कुठलाच पत्ता आपल्या जागेवर राहू शकत नाही आणि सहापैकी दोनच क्रम उरतात.

पोकरच्या कोडमध्ये याच्याच जवळची चूक आणखी होती. रँडम आकडा १ ते ५१ मधलाच यायचा, ५२ कधीच नाही, त्यामुळे मुळात शेवटी असलेला पत्ता पिसल्यावर शेवटी येणं अशक्यच होतं.

पण लूप सुधारला असता तरी तो खेळ वाचला नसता. रँडम नंबरची सुरुवात, म्हणजे सीड, मध्यरात्रीपासून झालेल्या मिलिसेकंदांवरून घेतली जायची, आणि दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच. एका सीडमधून दर वेळी तोच गठ्ठा निघतो, म्हणजे शक्य गठ्ठेही तेवढेच. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून रिलायबलच्या त्या लोकांनी हा आकडा साधारण दोन लाखांवर आणला. मग हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले तीन, एवढे पाच प्रोग्रामला सांगायचे, आणि दोन लाखांतला नेमका गठ्ठा सापडायचा, समोरच्यांच्या हातातल्या पत्त्यांसकट.