दोन कप चहा, चौघं जण

श्रोतेहो, नमस्कार. आज एका साध्या वाक्याचं भाषांतर करून बघू या. ‘काल तीन मित्र आले, दोन कप चहा चौघांत वाटून प्यायलो.’ चौथी अर्थातच मी. हे वाक्य चिनी आणि जपानी भाषेत न्यायचं आहे.

टपरीवर आपण ‘दोन चहा’ म्हणतो आणि काम होतं. चिनीत, म्हणजे मँडरिनमध्ये, आकडा असा थेट नामाला चिकटत नाही, मध्ये एक मापशब्द लागतो. ‘ल्यांग बेइ छा’: ल्यांग म्हणजे दोन, बेइ म्हणजे कपभर, छा म्हणजे चहा. इथे पहिली ठेच लागते. एक, दोन, तीन मोजताना चिनी माणूस दोनला ‘अर’ म्हणतो. शिकणारा तोच शब्द उचलतो आणि ‘अर बेइ छा’ म्हणतो. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं, कारण अशा मापशब्दाआधी दोनचं ‘ल्यांग’ होतं. आणि ‘बेइ’ हे माप आहे, भांडं नव्हे. मराठीत ‘दोन कप चहा घेतला’ आणि ‘दोन कप फुटले’ या दोन्हींत कप एकच शब्द. चिनीत फुटलेले कप ‘ल्यांग ग बेइत्स’ होतात. भांडं आलं की मापशब्दही बदलला, ‘ग’ आला.

हाच ‘ग’ मित्रांना चालतो: ‘सान ग फंग्यौ’, तीन मित्र. आपल्याला मैत्रीण, मैत्रिणी असं अनेकवचन करायची सवय, म्हणून विद्यार्थी शेवटी अनेकांचा ‘मन’ हा प्रत्यय लावतात. तो तिथे चुकीचा आहे. आकडा आला की ‘मन’ येत नाही. आता आपलं वाक्य: ‘त्स्वोथ्येन लाइ ल सान ग फंग्यौ’. शब्दशः बघाल तर ‘काल आले तीन मित्र’. कोण आले हे ऐकणाऱ्याला आधी माहीत नाही, म्हणून क्रियापद पुढे येतं.

हॉटेलात मात्र वेटर ‘ग’ वापरणार नाही. तो विचारेल, ‘जी वेइ?’ ‘वेइ’ हा माणसांसाठीचा आदराचा मापशब्द. मराठीत मी ते ‘आपण किती जण?’ असं करते. आदर मापशब्दातून निघून ‘आपण’मध्ये येऊन बसतो. उत्तर देताना स्वतःच्या घोळक्याला ‘वेइ’ लावणं शिष्टाचाराला धरून नाही. बोलताना ते अनेकांच्या तोंडून निसटतं, पण ‘स ग रन’, चार माणसं, हे उत्तर निर्धोक.

आता जपानी. इथे गंमत उच्चाराची आहे, म्हणून रेडिओवर सांगायला मला विशेष आवडतं. पेल्याचा मापशब्द आकड्याप्रमाणे रूप बदलतो: इप्पाइ, निहाइ, साम्बाइ. एक, दोन, तीन कप. शिवाय ‘इप्पाइ’चा दुसरा अर्थ ‘भरपूर’. टोकियोच्या बोलीत पहिला स्वर उंच उचलला तर ‘एक कप’, उचलला नाही तर ‘भरपूर’. उपाहारगृहात मात्र बहुतेक जण सरळ ‘ओचा फुतात्सु’ म्हणतात, आपल्या ‘दोन चहा’सारखं. म्हणून पात्र टेबलाशी बसून चहा मागवत असेल, तर त्याच्या तोंडी ‘निहाइ’पेक्षा ‘फुतात्सु’ घालावं.

आणि आकड्याची जागा. ‘किनोओ, तोमोदाची गा सान्निन किता.’ काल मित्र तीन आले. ‘सान्निन नो तोमोदाची’ असंही व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकताना ‘ते ठरलेले तिघे’ असा भास होतो. सहज सांगताना आकडा क्रियापदाजवळच ठेवावा.

आता ‘चौघांत’. माणसं मोजताना जपानी म्हणतात हितोरी, फुतारी, आणि मग सान्निन. पहिले दोन शब्द वेगळेच, पुढे नियम. मग चार काय? नियमाने चालणारा ‘योन्निन’ म्हणेल, पण खरं रूप ‘योनिन’. आपलं चौघांत म्हणजे ‘योनिन दे’.

माणसांसाठी मोजणीचे वेगळे शब्द मराठी कानाला परके नाहीत. आपल्याकडे दोघे, तिघे, चौघे आहेतच, पुढे पाच जण, सहा जण. त्यामुळे ‘योनिन दे’ला ‘चार लोकांनी मिळून’ करू नये, ‘चौघांनी मिळून’ करावं.

पण उलट भाषांतर करताना अडतं. जपानीत नुसतं ‘सान्निन किता’ आलं, तर मराठीत तिघे आले, तिघी आल्या, की तिघं आली? जपानी आकडा हे सांगत नाही, चिनी ‘सान ग रन’ही नाही. मी अशा ठिकाणी पेन थांबवते आणि पुढची पानं वाचते. कधी कथेत चार पानांनंतर कुणाचं तरी नाव येतं आणि कळतं, त्या तिघी होत्या.