तूप विका, पण हिशोब ताकापर्यंत मांडा

नमस्कार मंडळी. आज दूधधंद्यातल्या अशा एका गोष्टीवर बोलायचंय जी हल्ली जवळपास प्रत्येक गोठ्यात निघते, म्हणजे डेअरी भाव देत नाही, तर आपणच तूप कढवू आणि थेट पुण्यात नेऊन विकू. माझ्याकडं स्वतःच्या एचएफ संकरित गाई आहेत, मी डेअरीलाही दूध घालतो आणि शहरातही माल पोचवतो, त्यामुळं कल्पना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण आधी जरा कागद पेन घ्या.

समजा तुमचं रोजचं ६० लिटर गाईचं दूध आहे, फॅट ३.८ लागते. डेअरी ३४ रुपये देते असं धरू, तुमच्याकडं कमी जास्त असेल तर तुमचा आकडा घाला. म्हणजे डेअरीचे झाले २,०४० रुपये. आता या ६० लिटरमध्ये नुसती स्निग्धता किती, तर दोन किलो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. ती सगळी हाती येत नाही बरं का. दही लावून घुसळलं की थोडी ताकात जाते, थोडी बेरीबरोबर जाते, भांड्याला चिकटते ती वेगळी. हात चांगला बसला असेल तर दोन किलो तूप मिळतं. म्हणजे एका किलोला ३० लिटर दूध, आणि त्या दुधाचे डेअरीच्या भावानं १,०२० रुपये. गॅस, बरणी, पेट्रोल, तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

आणि दुकानात ब्रँडेड तूप सातशेच्या आसपास मिळतं. मग गिऱ्हाईक विचारतं, तुमचं एवढं महाग का हो? त्याला वाटतं आपल्याला लुटतायत, आणि आपल्याला वाटतं कंपनीवाले भेसळ करतायत. दोन्ही खरं नाही. मोठी डेअरी दुधातली मलई काढते, तिचं तूप करते, आणि उरलेल्या स्किम दुधाचे वेगळे पैसे करते, पावडर, दही, ताक, काय काय. तुपावर सगळा भार नसतोच. आपण मात्र ताक गटारात किंवा गाईंच्या पाण्यात ओतायचं आणि ३० लिटरचे सगळे पैसे एका बरणीतून वसूल करायला बघायचं, मग कसं जमणार?

तर ताकाकडं या. ६० लिटरच्या दह्यातून लोणी काढून घेतलं, घुसळताना पाणी घातलं, तर ऐंशीएक लिटर ताक सहज होतं. गोडं ताक सकाळी चांगलं असतं, दुपारपर्यंत आंबट, संध्याकाळी कढीच्याच कामाचं. म्हणून त्याचं गिऱ्हाईक जवळचं आणि ठरलेलं पाहिजे. एखादी कंपनीची कँटीन, मेस, मिसळवाला, रोज कॅन घेणारा. ५० लिटर जरी २० रुपयांनी गेलं तरी हजार रुपये झाले, आणि मग तूप हजार रुपये किलोनं विकलं तरी तुम्ही डेअरीच्या वर राहता. ताकाचा ठाव लागल्याशिवाय सगळं दूध तुपाकडं वळवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता एक गोष्ट लोक बघत नाहीत ती सांगतो. ताकात किती फॅट जातीय ते तपासून घ्या. ज्या संकलन केंद्रावर अजून गर्बरच्या काचेच्या नळ्या आहेत तिथं एक सँपल लावायला सांगा. एक टक्क्याच्या वर आलं तर समजा रोज लोणी ताकाबरोबर विकताय. याचं कारण बहुतेक वेळा तापमान असतं. घुसळताना दही साधारण २० ते २२ डिग्रीला असावं. उन्हाळ्यात दही गरम राहतं, लोणी मऊ पडतं, गोळाच धरत नाही, नुसतं ताकाला चिकट फेस येतो, तेव्हा बर्फाचं पाणी घाला. थंडीत उलटं होतं, कण घट्ट राहतात, एकमेकाला चिकटत नाहीत आणि मशीन तासभर फिरत बसतं, तेव्हा थोडं कोमट पाणी. आमच्या घरातल्या जुन्या बायका हाताचा अंदाज घेऊन हे करायच्या, आपण सरळ थर्मामीटर आणावा.

लोणी निघालं की दोन तीन पाण्यानं धुवायचं, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. आणि साठवत बसायचं नाही. शहरातल्या घरात आठवडाभर साय साठवतात म्हणून आपणही लोणी साठवतो, मग तुपाला तो आंबूस वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं आजीच्या हातचं नाही हे. त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कढवाच.

कढवताना काय होतं ते नीट बघा. लोण्यात अजून पाणी असतंच, त्यामुळं सुरवातीला मोठे बुडबुडे, खूप फेस, तडतड आवाज, आणि थर्मामीटर शंभराच्या जवळ अडकून बसतो. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, फेस खाली बसतो, आणि मग तापमान भराभर वर चढायला लागतं, इथंच लोक फोन घ्यायला जातात. बेरी सोनेरी झाली, ११० ते ११५ डिग्री झाले की गॅस बंद, कारण कढईची स्वतःची उष्णता अजून काम करतीय. १२० च्या पुढं गेलं की बेरी काळपट होते, तूप तांबूस आणि जरा कडवट. आणि लवकर उतरवलं तर पाणी राहतं, ते तूप महिन्याभरात खवट होतं. बरणीच्या तळाशी पांढुरका थर किंवा आंबूस वास आला तर बहुतेक हीच भानगड असते.

रवा कसा पडतो हे पण विचारतात. गाळलेलं तूप फ्रीजमध्ये टाकू नका, त्यानं बारीक, गुळगुळीत, डालड्यासारखं गोठतं. खोलीत एका बाजूला, न हलवता, हळूहळू थंड होऊ द्या, २८-३० डिग्रीला दिवसभर राहिलं की दाणा छान धरतो. सरकी पेंड जास्त दिली की तूप जरा घट्ट होतं, हिरवा चारा असला की रंग पिवळा चढतो, म्हणजे प्रत्येक बॅच सारखी दिसणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं.

नाहीतर काय होतं ऐका. एप्रिलमध्ये हमखास व्हॉट्सॲपवर फोटो येतो, बरणीत वर पिवळं तेल तरंगतंय, खाली रवा, आणि मेसेज, “दादा यात तेल मिक्स केलंय का?” नाही हो. तुपात अनेक प्रकारचे स्निग्ध घटक असतात, काही लवकर वितळतात, काही उशिरा, त्यामुळं उन्हाळ्यात वर पातळ आणि खाली दाणा असं वेगळं होणारच. उन्हात ठेवलं की सगळं पातळ, थंडीत सगळं घट्ट. मी तर आता बरणीबरोबर एक चिठ्ठीच देतो, उन्हाळ्यात असं दिसेल म्हणून. तेवढ्यानं निम्मे फोन बंद झाले. दुसरी चौकशी असते गीरचं आहे का, ए-टू आहे का. नसेल तर नाही म्हणा, संकरित गाईचं आहे म्हणा, खोटं लेबल लावू नका. या ए-वन ए-टू च्या दाव्यांवर एफएसएसएआयनं ऑगस्ट २०२४ मध्ये बंदीचं पत्रक काढलं आणि पाच दिवसांत मागंही घेतलं, म्हणजे विषय किती तापलाय ते लक्षात घ्या. आणि वजन ग्रॅममध्ये लिहा. एक लिटर तूप म्हणजे ९१० ग्रॅमच्या आसपास, किलो नव्हे, लोक दुकानातल्या लिटरच्या भावाशी आपल्या किलोचा भाव लावतात आणि मग वाद.

आता खरं पैसे कशात आहेत विचाराल तर माझं मत दह्यात. कारण दह्यात दूध जवळपास तेवढंच्या तेवढं राहतं. तुपाला तीस लिटर, गाईच्या दुधाच्या पनीरला किलोमागं सहा सात लिटर जातं आणि निवळीचं काय करायचं हा नवा प्रश्न. दह्याला मात्र ४० लिटर दूध, उकळून थोडं आटवलं तरी ३६ किलो दही. ८० रुपये किलोनं गेलं तर २,८८० झाले, त्या दुधाचे डेअरीनं १,३६० दिले असते. डबे, पेट्रोल, गॅस वजा करूनही बरं उरतं.

पण दह्याची एक अडचण आहे, ते चार पाच दिवसांत संपवावं लागतं आणि गाडीवर हललं की फुटतं. गाईचं दूध पातळ असतं, त्यामुळं दहा पंधरा मिनिटं जास्त उकळून आटवा, ४० डिग्रीला आणून विरजण लावा, डब्यातच लावा, पातेल्यात लावून मग भरायचं नाही. लागलं की लगेच फ्रीजमध्ये चार पाच तास, घट्ट झालं की मगच बाहेर काढा. गरम दही मोटरसायकलवर तीस किलोमीटर नेलं की सोसायटीच्या गेटवर पोचेपर्यंत वर पाणी सुटलेलं असतं.

म्हणून मी असं करतो, ऑर्डर आदल्या रात्री आठपर्यंत घेतो, दही तेवढंच लावतो, उरलेलं २० लिटर घुसळायला. थंडीत दूध वाढतं, सोसायट्यांत सुट्टीला लोक गावाला जातात, ऑर्डर पडतात, त्या दिवसांचं दूध तुपात जातं, कारण बरणी नीट झाकली की सहा महिने थांबते. मग श्रावणात, दिवाळीत, उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा तीच बरणी कामाला येते. तूप रोजची कमाई म्हणून नाही, उरलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून. आणि दारात पहिल्यांदा जायला तूप चांगलं, बरणी महिना दोन महिन्यांनी संपते पण दह्याचं बोलणं तिथंच सुरू होतं.

परवान्याचं पटकन सांगतो. एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन घ्या, लहान धंद्याला ते पुरतं, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, आणि चौदा आकडी नंबर लेबलवर छापा, सोबत वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, पत्ता. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न कोणीतरी हाच विचारतं.

आणि काचेच्या बरण्या परत घेत असाल, डिपॉझिट ठेवून, तर फार चांगलं, खर्च वाचतो. पण धुतल्यावर उन्हात उलट्या ठेवून अगदी कोरड्या करा, झाकणाच्या आतल्या रबराखाली थेंब राहतो तो काढा, तिथूनच बरणीचं तूप खराब व्हायला लागतं. तेवढं बघा. नमस्कार.